डेव्हिल कार्ड आणि ‘सुटेल का?’ हा प्रश्न: नव्या टॅरो वाचकांसाठी

टॅरो शिकून चार-सहा महिने झाले की ओळखीपाळखीतली माणसं विचारायला येऊ लागतात. पहिले प्रश्न नोकरीचे, लग्नाचे, जागेच्या व्यवहाराचे असतात. मग कधीतरी एकजण खुर्ची जरा पुढे ओढतो, आवाज खाली घेतो आणि विचारतो, “एक सवय आहे, ती सुटेल का?” आणि नेमकं तेव्हाच पंधरा नंबरचं कार्ड वर येतं. माझ्याकडे सांगलीत हे इतक्या वेळा झालंय की आता त्याचं नवल वाटत नाही. पहिल्या दोन वर्षांत मात्र या कार्डानं मला चांगलंच तोंडघशी पाडलं. तेव्हा कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहितेय.

एक गोष्ट आधीच. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. तुम्हीही बहुधा नसाल. पुढचं सगळं त्या मर्यादेत राहून लिहिलंय.

जवळ काय ठेवायचं

रायडर-वेट-स्मिथ पद्धतीचा संच. १९०९ साली लंडनमध्ये निघालेला हा संच पामेला कोलमन स्मिथ हिने आर्थर वेट याच्या सांगण्यावरून रंगवला. या लेखातली चित्रं त्यातली आहेत. तुमचा संच वेगळा असेल तर चित्र बदलेल, मग प्रश्नही थोडे बदलावे लागतील. एक साधी वही हवी, पाण्याचा तांब्या-भांडं हवं. आणि हे विसरू नका: एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले नंबर. टेलिमानस १४४१६ हा मनाच्या तक्रारींसाठी, १४४४६ हा नशामुक्तीसाठी, १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठी. तिन्ही सरकारी आणि मोफत. मिरजेच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वेळेत असते ते एकदा स्वतः जाऊन विचारून या. समोरचा माणूस रडत असताना मोबाईलवर शोधत बसणं बरं दिसत नाही, आणि तेवढ्यात त्याचं मनही बदलतं.

१. आधी कार्ड एकट्यानं नीट बघा

पुस्तकात ‘डेव्हिल म्हणजे व्यसन’ असं वाचून आपण कार्ड बघायचं सोडून देतो. गंमत म्हणजे वेटनं स्वतः १९१० च्या आपल्या पुस्तकात या कार्डाचे अर्थ दिलेत ते विध्वंस, जोर, पराकाष्ठेचे प्रयत्न, अटळ घटना असे आहेत. त्या यादीत व्यसन नाही. तो अर्थ नंतरच्या वाचकांनी चित्रावरून जोडला. तो जोडण्यात चूक नाही, पण तो कार्डावर छापलेला निकाल नाही एवढं लक्षात असू द्या.

आता चित्र. मागे काळोख. मधोमध एका ठोकळ्यावर शिंगं आणि वटवाघळाचे पंख असलेला तो बसलाय. उजवा हात वर, डाव्या हातात खाली धरलेली मशाल. ठोकळ्याला एक कडी आहे, तिच्यातून दोन साखळ्या निघून एका बाईच्या आणि एका पुरुषाच्या गळ्यात गेल्यात. दोघांनाही लहान शिंगं आणि शेपूट फुटलंय. बाईच्या शेपटाच्या टोकाला द्राक्षांचा घड आहे, पुरुषाच्या शेपटाच्या टोकाला ज्योत. आणि साखळीचे फास सैल आहेत, डोक्यावरून काढता येतील इतके.

हे कार्ड सहा नंबरच्या लव्हर्सशेजारी ठेवून बघा. तिथेही तेच दोघं, त्याच बाजूंना उभे आहेत. तिथे बाईच्या मागे फळांचं झाड आहे आणि पुरुषाच्या मागे ज्वाळांचं. डेव्हिलमध्ये तीच फळं आणि त्याच ज्वाळा शेपटाला आल्यात. म्हणजे जे आधी मागे उभं होतं, सुख देणारं होतं, तेच आता अंगाला चिकटलंय. सवयीबद्दल बोलताना मला या कार्डाचा सगळ्यात उपयोगी पडणारा भाग हाच वाटतो. इथे कुणी बाहेरून येऊन माणसाला पकडलेलं नाही. आवडीचीच गोष्ट शेपूट होऊन बसलीय.

सैल फासाबद्दल मात्र जपून. नवा वाचक हे बघून खूश होतो आणि म्हणतो, “बघा, साखळी सैलच आहे, तुम्ही ठरवलं तर आत्ता काढाल!” ज्यानं दहा वेळा ठरवून पाहिलंय त्याला हे वाक्य थोबाडीत मारल्यासारखं लागतं. फास सैल आहे हे त्याला दिसू द्या, तुम्ही सांगू नका.

२. कार्डाचं नाव घेताना

आपल्या भागात ‘सैतान’ म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात पहिल्यांदा करणी, बाधा, बाहेरचं काहीतरी येतं. एकदा कवठेमहांकाळकडच्या एका आजींनी कार्ड बघून पदर तोंडाला लावला आणि विचारलं, “कुणी केलंय म्हणायचं हे?” नातवाच्या मोबाईलचा प्रश्न होता. त्या क्षणी तुम्ही गप्प राहिलात तरी अर्थ एकच निघतो, म्हणून ताबडतोब बोला. मी म्हणते, “हे जुन्या पत्त्यातलं चित्र आहे आजी. इंग्रजीत डेव्हिल म्हणतात. बाहेरचं, केलेलं असलं यात काही नाही. साखळी बघायची, शिंगं नाही.”

हा नुसता सौजन्याचा मामला नाही. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे २०१३ पासून आहे. त्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर शेजारच्या साताऱ्याचे, आणि त्याच साताऱ्यात त्यांनी परिवर्तन हे व्यसनमुक्तीचं कामही उभं केलं. अंगात शक्ती आहे असं भासवून कुणाला घाबरवलं, लुबाडलं तर आपण कायद्याच्या कचाट्यात येतो, आणि यायलाच पाहिजे. व्यसनावर ‘उतारा’, ‘तोडगा’, ‘ऊर्जा साफ करणं’ असलं काही देऊ नका. मागितलं तरी देऊ नका. मागतात, पैसे पुढे करून मागतात.

कार्ड उलटं आलं तर? पुष्कळ पुस्तकांत उलटा डेव्हिल म्हणजे सुटका असं लिहिलंय. मी सवयीच्या प्रश्नाला उलटं कार्ड सरळ करून ठेवते आणि पुढे जाते. ‘सुटलात’ असं सांगून कुणी सुटत नाही, आणि ते खोटं ठरलं की तो माणूस पुन्हा कुणालाच विचारत नाही.

३. प्रश्न कुणाचा आहे ते बघा

माझी पहिली मोठी चूक इथली. एक बाई नवऱ्याबद्दल विचारायला आल्या होत्या. डेव्हिल आला. मी तेव्हा नवी होते, पुस्तक पाठ होतं. मी म्हणून गेले, “त्यांना व्यसन जडलंय, स्पष्ट दिसतंय.” त्यांनी घरी जाऊन जेवणाच्या ताटावर नवऱ्याला सुनावलं, “टॅरोवाल्या बाईपण म्हणाल्या, तू व्यसनी आहेस.” मग काय झालं ते सांगत नाही. आठवड्यानं त्या बाईच फोनवर मला म्हणाल्या, “तुम्ही शब्द दिला नसता तर मी वापरला नसता.”

तेव्हापासून जो समोर बसलेला नाही त्याच्यावर हे कार्ड मी वाचत नाही. प्रश्न वळवून घेते. “ह्यांची दारू सुटेल का?” याऐवजी “ह्यांच्या पिण्यानं माझं जे चाललंय त्यात मी कुठे अडकलेय?” असा. बायका बहुतेक वेळा तयार होतात, कारण तेच बोलायचं असतं आणि कुणी विचारलेलं नसतं. आणि बाई मार खात असेल तर कार्डं गोळा करा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तो नंबर द्या आणि ती आज रात्री कुठे राहणार एवढंच बोला.

जो स्वतःसाठी विचारतो त्याच्याही ‘सुटेल का?’ला मी हात घालत नाही. त्याचं उत्तर हो-नाहीत आहे, आणि ते कार्डात नाही. मी विचारते, “सुटेल का ते मला सांगता येणार नाही. ही सवय तुमच्या दिवसात कुठे बसलीय ते बघूया का?” यावर नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

४. शब्द त्यांचेच वापरा

रोगनिदान करू नये हे सगळ्यांना पटतं. पण ते ‘तुम्हाला अमुक आजार आहे’ या वाक्यात क्वचितच होतं. ते लहान शब्दांतून सरकत येतं. समोरचा म्हणतो “रात्रीचं बसणं”, आपण म्हणतो “तुमचं अल्कोहोलचं व्यसन”. ती म्हणते “त्याचं लास्ट सीन बघते सारखं”, आपण म्हणतो “ऑब्सेशन”. तो म्हणतो “मिश्री”, आपण म्हणतो “निकोटीनवर अवलंबून आहात”. झालं निदान. डिप्रेशन, अँक्झायटी, टॉक्सिक, ट्रॉमा हे शब्द आजकाल रीलमधून सगळ्यांच्या तोंडी आलेत, आपल्याही.

म्हणून वहीत पहिल्या ओळीला मी त्यांचाच शब्द लिहिते आणि शेवटपर्यंत तोच वापरते. ‘बसणं’ तर बसणं. स्वतः कुणी “मला व्यसन आहे” म्हटलं तर त्यालाही मी होकार देत नाही आणि “छे छे, एवढं काही नाही” असंही म्हणत नाही. ते दुसरं वाक्य फार धोक्याचं. धीर देण्यासाठी म्हटलेलं ‘एवढं काही नाही’ हेसुद्धा निदानच आहे, फक्त उलट्या बाजूचं.

५. चित्र त्यांच्या हातात द्या

कार्ड टेबलावर न ठेवता त्यांच्या हातात द्या आणि विचारा, “पहिल्यांदा नजर कुठे गेली?” मग गप्प बसा. माझ्या मनात मी वीसपर्यंत मोजते. वीस फार लांब वाटतात.

तासगावकडच्या एका बागायतदारीण बाईंनी चष्मा वर करून बाईचं शेपूट बघितलं आणि म्हणाल्या, “ही कुठली? सोनाका का थॉमसन?” आम्ही दोघी हसलो. पण पुढची पंधरा मिनिटं त्या द्राक्षावरच बोलल्या. औषधफवारणी, बेदाण्याच्या शेडवर लावलेलं कर्ज, आणि त्या काळजीत दिवसातून सहा-सात वेळा लागणारी मिश्री. “घड भरला की झोप येत नाही, घड नाही भरला तरी येत नाही.” त्यांच्यासाठी तो घड मोहाचा नव्हताच, काळजीचा होता. माझ्या पुस्तकात द्राक्ष म्हणजे भोग. मी तोच अर्थ आधी बोलून बसले असते तर हे काहीच बाहेर आलं नसतं.

कुणाची नजर मशालीवर जाते, कुणाची गळ्यावर. काहीजण म्हणतात, “ही दोघं पळत का नाहीत?” तेव्हा लगेच “तुम्ही का नाही पळत?” असं विचारायचा मोह होतो. विचारू नका, ते वकिली वाटतं. “तुम्हाला काय वाटतं, का नसतील?” एवढंच पुरतं.

६. तीन कार्डं, तीन प्रश्न

डेव्हिल मधे ठेवायचा आणि भोवती तीन कार्डं. पहिलं: सवयीच्या आधी काय येतं? दुसरं: ती काय देते? तिसरं: फास कुठे सैल आहे? दुसरा प्रश्न बरेच वाचक गाळतात, कारण वाईट सवय काही देते हे म्हणायला जड जातं. पण काही देत नसती तर ती राहिली नसती.

एक बैठक पूर्ण सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीत दिवाणजी, पंचेचाळिशी उलटलेले. प्रश्न: “ताई, रात्रीचं बसणं कमी होईल का?” बसणं म्हणजे घरी जायच्या आधी दुकानामागे एक क्वार्टर, सौदे चांगले झाले तर जास्त, वाईट झाले तरी जास्त.

पहिलं आलं टेन ऑफ वाँड्स. दहा काठ्यांची मोळी कवटाळून वाकलेला माणूस, पुढे घर दिसतंय. मी विचारलं, “हा कुठे चाललाय?”

“घरी,” ते म्हणाले. “पण ह्याचं तोंड दिसत नाही. ह्यालापण घर दिसत नसणार, काठ्या आडव्या येत्यात.”

मग त्यांनी संध्याकाळ सांगितली. सौदे उरकले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या, हमाली-तोलाई वजा करायची, एखाद्या पट्टीत शंभराचा फरक आला की शेतकरीही त्यांच्यावर ओरडतो आणि शेठही. साडेआठला वही मिटली की डोक्यात आकडे चालूच राहतात. “ती वही घेऊन घरात शिरायला नको वाटतं.” हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. सवयीच्या आधी काय येतं, याचं उत्तर म्हणजे मिटलेली वही.

दुसरं फोर ऑफ स्वोर्ड्स. देवळासारख्या जागी थडग्यावर आडवा पडलेला योद्धा, हात जोडलेले. “हा झोपलाय का गेलाय?” त्यांनी विचारलं. मी प्रश्न परत दिला. ते बराच वेळ बघत होते. “काय का असंना, डोकं शांत झालंय बघा ह्याचं.”

इथे हात शिवशिवतात. ताण, झोपेचा त्रास, दारूवर भागवणं, सगळी साखळी जुळून आलेली असते आणि ती बोलून दाखवली की आपण हुशार ठरतो. मी फक्त म्हणाले, “म्हणजे बसल्यावर हे मिळतं.” ते म्हणाले, “तेवढंच मिळतं.”

तिसरं एट ऑफ कप्स. आठ पेले रचून ठेवलेत, वरच्या ओळीत एक जागा रिकामी, आणि लाल कपड्यातला माणूस काठी टेकत, पाठ फिरवून डोंगराकडे निघालाय. वर चंद्र. दारूच्या प्रश्नाला पेल्यांकडे पाठ फिरवलेला माणूस! नव्या वाचकाचा इथे हमखास तोल जातो, “सुटणार हो तुमची!” माझ्याही ओठावर आलं होतं. त्याऐवजी विचारलं, “असं उठून चालायला लागणं तुमच्या आठवड्यात कधी होतं का?”

“गुरुवारी,” ते लगेच म्हणाले. “गुरुवारी औदुंबरचा नेम आहे. चौदा वर्षं झाली. गुरुवारी शिवत नाही.”

मला काय आनंद झाला म्हणता! सैल फास सापडला. आठवड्यातून एक दिवस साखळी निघतेच, म्हणजे ती काढता येते. हे त्यांनाच दिसलं, मी न सांगता. आता एवढंच म्हणायचं होतं की गुरुवारी साडेआठनंतर काय करता ते सांगा, आणि त्यातलं काय मंगळवारी करता येईल. वाचन सुंदर झालं असतं.

पण मी गुरुवारबद्दल आणखी विचारलं, आणि ते म्हणाले, “गुरुवारी रात्री डोळा लागत नाही. घाम येतो. शुक्रवारी सकाळी हात एवढा हलतो की चहा बशीत सांडतो. मग दुपारी थोडी घेतली की जाग्यावर येतं.”

७. थांबायची जागा ओळखा

मी कार्डं उलटी करून गोळा केली. यात मला काय कळलं आणि काय नाही, दोन्ही नीट सांगते. हे कशाचं लक्षण आहे, त्यांना काय झालंय, हे मला कळलेलं नाही आणि ते कळणं माझं कामही नाही. मला कळलं ते इतकंच की ही गोष्ट आता डॉक्टरच्या टेबलावरची आहे. जो माणूस रोज बऱ्यापैकी पितो त्यानं अचानक पूर्ण बंद केलं तर पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येणं, भ्रम होणं, प्रसंगी जिवावर बेतणं, हे होऊ शकतं. डॉक्टर ते औषधं देऊन, नजरेखाली ठेवून सांभाळतात. मी गुरुवारचं कौतुक करून “असंच सोमवार-मंगळवार करा” म्हटलं असतं तर माझ्या सुंदर वाचनानं त्यांना त्या खड्ड्यात ढकललं असतं.

त्यांना जे बोलले ते शब्दशः देते, कारण अशा वेळी शब्द सुचत नाहीत: “दिवाणजी, मी इथे थांबते. हात हलतो, घाम येतो, हे मला कार्डात बघता येत नाही आणि मी त्याला नाव देणार नाही. हे डॉक्टरनं बघायचं. उद्याच जा, आणि आत्ता मला जसं सांगितलंत, गुरुवार-शुक्रवारसकट, तसंच्या तसं त्यांना सांगा. त्यांना विचारल्याशिवाय एकदम सोडायचा नेम करू नका.”

ते जरा नाराज झाले. “म्हणजे वेड्याच्या डॉक्टरकडं?” मी म्हणाले, आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा, ते पुढचं सांगतील. मग पुठ्ठ्यावरचा १४४४६ त्यांच्या हातानं त्यांच्याच मोबाईलमध्ये लिहायला लावला. कागदावर दिलेले नंबर खिशात धुऊन निघतात.

दारूच नाही, थांबायच्या जागा आणखीही आहेत. “जगून काय करायचं” अशा अर्थाचं काहीही ऐकलं की थांबा. तिथे सरळ विचारा, “मरायचे विचार येतात का?” असं विचारल्यानं विचार येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. घरच्या कुणाला तरी बोलावून घ्या, १४४१६ त्यांच्यासमोरच लावा, आणि त्यांना एकटं सोडू नका. डॉक्टरनं दिलेली झोपेची गोळी ‘सवय लागलीय म्हणून’ बंद करायची आहे असं कुणी म्हटलं तरी तेच, गोळी सुरू-बंद करणं आपल्या बोलण्यातून होता कामा नये. मूल किंवा शाळकरी पोर समोर असेल तर हे कार्ड मी वाचतच नाही.

थांबलात तर पैसे घेऊ नका. मी घेत नाही. घेतले की पुढच्या वेळी थांबायला हात धजत नाही.

८. वहीत काय लिहायचं

बैठक नीट पूर्ण झाली तर शेवटी त्यांचीच दोन-तीन वाक्यं वाचून दाखवते. बागायतदारीण बाईंना वाचून दाखवलं ते “घड भरला की झोप येत नाही”. त्याच्यापुढे माझं काही जोडलं नाही. मिश्री सोडा असं म्हणाले नाही, तंबाखूचा नंबर मात्र दिला, कारण त्यांनीच विचारलं की यासाठी कुणाकडे जायचं असतं. नाव लिहू नका, फक्त तारीख आणि आद्याक्षर. सांगली लहान आहे. वही उघडी राहिली तर वाचणारा बहुधा त्यांचा चुलतभाऊच निघेल.

९. पुन्हा तोच प्रश्न आला तर

शेवटचा सापळा मला सगळ्यात उशिरा दिसला. विलिंग्डन कॉलेजात शिकणारी एक मुलगी यायची. तुटलेल्या नात्यातल्या मुलाचं लास्ट सीन ती दिवसभर बघायची. पहिली बैठक छान झाली, लव्हर्स आणि डेव्हिल शेजारी ठेवल्यावर ती स्वतःच म्हणाली, “झाड होतं त्याचं शेपूट झालं.” पुढच्या रविवारी तिचा फोन आला, “एक कार्ड काढा ना ताई.” मी काढलं. मग बुधवारी आला. मग रोज रात्री अकराला, “फक्त एकच.” मी जवळजवळ महिनाभर काढत होते, आणि प्रत्येक वेळचे पन्नास रुपयेही घेत होते. एका रात्री फोन वाजायच्या आधीच माझा हात पत्त्यांकडे गेला, तेव्हा उजेड पडला. ती आता त्याच्याऐवजी माझं लास्ट सीन बघत होती, आणि मला त्या फोनची सवय लागली होती.

आता नियम असा की त्याच प्रश्नाला सहा आठवडे कार्ड नाही, आणि रात्री नऊनंतर फोन नाही. हे पहिल्या बैठकीतच सांगायचं, नंतर सांगितलं की ते हाकलल्यासारखं वाटतं. तिला मी नंतर सांगितलं, म्हणून ती चिडली. घेतलेले पैसे परत पाठवले ते तिनं दोन दिवस स्वीकारले नाहीत, मग स्वीकारले. बऱ्याच महिन्यांनी बस स्टँडवर भेटली, मिरजेची गाडी पकडायच्या घाईत होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

दिवाणजी परत आलेले नाहीत. ते डॉक्टरकडे गेले का, हे शोधायला मी यार्डात जाणार नाही.